साडेतीन किलो गेले कुठून?

आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेच्या निवड चाचण्या जवळ आल्या की आमच्या भागातल्या अनेक घरांत जेवणाचं गणित बिघडतं. दोन वेळा थाळी भरून जेवणारा मुलगा अचानक चपातीला हात लावत नाही. आईनं विचारलं तर म्हणतो, "वजन बसवायचंय." अब्बू तालमीत वाढलेले असतील तर ते मान डोलावतात, आईला काही पटत नाही, पण बोलताही येत नाही. याच विषयावर एका महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी मुलांना आणि पालकांना जिमखान्यात बोलावून पंचवीस-तीस मिनिटांचं बोलणं केलं. भाषण असं ते नव्हतंच. मॅटच्या कडेला बसून, मध्ये मध्ये प्रश्न घेत सर बोलत होते. त्यातलं घरोघरी उपयोगी पडेल असं बरंच होतं, म्हणून ते इथे देत आहोत.

सरांनी सुरुवात एका मुलाच्या वहीपासून केली. मुलाचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वय १९, वजन ६८.५ किलो. फ्रीस्टाइल कुस्तीत ६५ किलोचा गट आहे आणि त्याच्या वर ७० किलोचा. म्हणजे हा मुलगा काहीही न करता ७० मध्ये बसत होता. पण त्याला वाटलं, ७० मध्ये दांडगी पोरं येतात, आपण ६५ मध्ये उतरलो तर सगळ्यांत जड आपणच असू. चाचणी शनिवारी होती आणि हा विचार त्याला सुचला रविवारी रात्री.

सोमवारी सकाळी ६८.५. त्या दिवसापासून चपाती, भात, दूध बंद. अंड्याचा पांढरा भाग, काकडी आणि लिंबूपाणी. संध्याकाळी दोन बनियन आणि वर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या. बुधवारी सकाळी काट्यावर ६६.६. दोन दिवसांत जवळजवळ दोन किलो! त्यानं मित्रांना फोन करून सांगितलं. गुरुवारी ६६.३, शुक्रवारी ६६.२. काटा अडकला. घाबरून शुक्रवारी दुपारपासून पाणीही बंद केलं, संध्याकाळी पुन्हा रेनकोट, रात्रभर झोप नाही. शनिवारी सकाळी ६४.९. वजन बसलं.

"आता मला सांगा," सर म्हणाले, "हे साडेतीन किलो गेले कुठून?"

मुलांचं उत्तर एकच होतं : चरबी.

सरांनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. शरीरातली एक किलो चरबी जाळायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. रोज तालीम करणारा असा मुलगा दिवसाला साधारण २९०० कॅलरी खर्च करतो. समजा त्यानं पाच दिवस तोंडात कणही घातला नाही, तरी तूट होते १४,५०० कॅलरींची. म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही फार तर एक किलो नऊशे ग्रॅम चरबी जाऊ शकते. हा मुलगा तर थोडंफार खात होता. त्याची चरबी गेली असेल फार तर किलोभर. उरलेलं सगळं दुसरंच काही होतं, आणि नेमकं तेच कुस्तीसाठी हवं होतं.

इथे सर थोडे थांबून सावकाश बोलले, कारण सगळ्या बोलण्याचा गाभा हाच होता. आपण भात-चपाती खातो त्यातली साखर शरीर लगेच सगळी वापरत नाही. तिचा काही भाग स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. धडधाकट तरुणाच्या स्नायूंत तो चार-पाचशे ग्रॅम असतो आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास. गंमत अशी, की हा साठा कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-चपाती बंद केली आणि वर रेनकोट घालून पळालं की हा साठा दोन दिवसांत रिकामा होत जातो आणि त्याचं पाणीही निघून जातं. पोटात अन्न नसल्यानं आतडीही हलकी होतात. बुधवारी दिसलेले ते दोन किलो बहुतेक हेच. गुरुवारी काटा का अडकला? कारण साठा संपला होता. आता खरी चरबी जळायची तर दिवसाला पाव किलोच्या आसपासच जाणार, आणि ते तर काट्यावर धड दिसतही नाही.

आता कुस्ती म्हणजे काय? तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. पट काढायचा, समोरच्याला उचलायचं, तो खाली असताना भारंदाज मारायचा, हे सगळं काही सेकंदांचं, पूर्ण ताकदीचं काम आहे. अशा कामाला शरीर चरबी वापरू शकत नाही. चरबीचं जळणं फार संथ. तिथे ग्लायकोजेनच लागतं. "म्हणजे मोटारसायकल हलकी व्हावी म्हणून तुम्ही तिची टाकी रिकामी केलीत," सर म्हणाले, "आणि मग शर्यतीला उभे राहिलात."

शेवटच्या दिवशी गेलेला सव्वा किलो मात्र निव्वळ घाम. ६६ किलोच्या माणसाचा तो जवळपास दोन टक्के होतो. एवढं पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं, तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, घाम कमी येतो म्हणून शरीर तापतं, आणि मुलाला वाटतं आज दम का लागतोय. तोंड कोरडं, हात थंड, डोकं जड. शिवाय जेवण तोडल्यावर यकृताला साखर कुठून तरी तयार करावीच लागते. ती ते स्नायूंतल्या प्रथिनांपासूनही करतं. म्हणजे वर्षभर जोर-बैठका काढून जे कमावलं, त्यातलंच थोडं विकून खाल्लं.

चाचणीच्या दिवशी त्या मुलाचं काय झालं ते सरांनी फार रंगवलं नाही. साडेसातला वजन झालं, पहिली कुस्ती दहाला. वजन होताच त्यानं उभ्या उभ्या दीड लिटर पाणी प्यायलं, चार केळी आणि दोन वडापाव खाल्ले. पोट डब्ब झालं. पोटातून पाणी पुढे सरकायलाही वेळ लागतो. तासाला लिटरभरही मुश्कीलीनं जातं. मिठाशिवाय गटागटा प्यायलेलं पाणी शरीर धरून ठेवत नाही, बरंचसं लघवीवाटे बाहेर जातं. आणि ग्लायकोजेनचा रिकामा साठा भरायला भरपूर भात-चपाती खाऊनही सुमारे एक दिवस लागतो. इथे हातात होते अडीच तास. पहिल्या डावात तो चार गुणांनी पुढे होता. दुसऱ्या डावाच्या पहिल्या मिनिटातच त्याचे पाय जागेवरून हलेनात. समोरच्या मुलानं एकच पट तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा तो निघाला. सहा-चारनं हरला. सोमवारी त्याचं वजन होतं ७०.२. सुरुवातीपेक्षा जास्त. रिकामा झालेला साठा भरताना शरीर पाणी आणि मीठ हपापल्यासारखं धरून ठेवतं, आणि पाच दिवस दाबलेली भूकही असतेच.

इथे एक चाचा उठले. कानाकडे पाहूनच कळत होतं की जुने पैलवान. म्हणाले, "सर, आमच्या वेळी सगळेच असं करायचे. मी स्वतः चार-चार किलो उतरवलंय. आणि जिंकलोय."

सरांनी त्यांना खोटं पाडलं नाही. म्हणाले, "चाचा, तुमच्या वेळी वजन कधी व्हायचं?" चाचा म्हणाले, "आदल्या संध्याकाळी." हाच फरक आहे. आदल्या संध्याकाळी वजन झालं की रात्रभर खाता-पिता यायचं, झोप मिळायची, सकाळपर्यंत साठा बराचसा भरायचा. जागतिक कुस्ती संघटनेनं २०१८ पासून नियम बदलला. आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, आणि गट दोन दिवस चालला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्याकडच्या चाचण्यांतही बहुतेक ठिकाणी सकाळी वजन आणि लगेच कुस्त्या. जुन्या पैलवानांचा अनुभव खोटा नाही. तो ज्या नियमावर उभा होता तो नियम आता राहिला नाही.

पॅरिस ऑलिंपिकचं उदाहरण तर साऱ्या देशानं पाहिलं. ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. सकाळी तिचं वजन बसलं होतं. दिवसभराच्या खाण्यापिण्यानंतर ते पुन्हा दोन किलोहून जास्त वाढलं. रात्रभर धावणं, वाफ, पाणी बंद, केस कापणं, सगळं झालं. सकाळी काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता. ती अपात्र ठरली आणि पाणी कमी झाल्यामुळे तिला सलाइन लावावं लागलं.

लगेच मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "पण सर, अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलो उतरवले आणि कांस्यपदक आणलं." प्रश्न चांगला होता. सर म्हणाले, खरं आहे, पण नीट बघ. अमननं पाच दिवस उपाशी राहून नवा गट गाठला नव्हता. आदल्या सकाळी तो ५७ मध्ये बसलेलाच होता. दिवसभरात आत गेलेलं पाणी आणि अन्न त्यानं रात्री बाहेर काढलं, तेही प्रशिक्षक शेजारी उभे असताना, अनेक वर्षांच्या सरावानं. आणि त्याच्यासमोरचा पैलवानही त्याच रात्रीतून गेला होता. तुझ्यासमोरचा मुलगा मात्र रात्री पोटभर जेवून, झोपून आलेला असेल. शिवाय २०२५ च्या जागतिक स्पर्धेत याच अमनचं वजन जास्त भरलं आणि त्याला एकही कुस्ती खेळता आली नाही. जगातल्या उत्तम पैलवानाचाही हा जुगार दर वेळी जमत नाही.

रेनकोटबद्दल सर कडक बोलले. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिन्याभरापेक्षा थोड्या जास्त काळात, महाविद्यालयांतले तीन पैलवान वजन उतरवताना मरण पावले. तिघेही कोंडलेल्या, गरम खोलीत रबरी कपडे घालून, पाणी न पिता व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या. हंगामाच्या सुरुवातीलाच लघवी तपासून, शरीरात पुरेसं पाणी आहे ना हे पाहून, प्रत्येकाचं किमान वजन ठरवलं जातं, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा वेगानं खाली येता येत नाही. आपल्या ६८ किलोच्या मुलाला हा हिशेब लावला तर आठवड्याला साधारण एक किलो. तेवढंसुद्धा तरुण मुलाला जास्तच आहे असं सरांचं मत; ते अर्धा ते पाऊण किलोवर थांबतात.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या लघवीच्या गोळ्यांचाही विषय निघाला. त्या गोळ्या उत्तेजकविरोधी यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. तपासणीत सापडला तर मुलाची काही वर्षं जातील. आणि त्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यावर सरांनी अधिक चर्चा होऊ दिली नाही.

मग एका खालांनी विचारलं, "रोज्यात तर दिवसभर पाणी नसतं. तरी पोरं तालमीत जातातच की. मग यात एवढं काय?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असणार, कारण बऱ्याच माना वळल्या. सर म्हणाले, "दोन्हींत मोठा फरक आहे. रोज्यात इफ्तार आहे, सहरी आहे. दिवसा रिकामं झालेलं रात्री भरलं जातं. नीट खाल्लं-प्यायलं, झोप झाली, तर वजन थोडंच हलतं आणि ताकदही बऱ्यापैकी टिकते. या उपाशीपणात रात्रही रिकामीच जाते." चाचणी रमजानमध्ये आलीच तर त्या महिन्यात वजन उतरवण्याचा बेत अजिबात करू नका, आहे त्या गटात खेळा, आणि जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवा, एवढं त्यांनी सुचवलं. "बाकी मसला आलिमांना विचारा. माझ्याकडे काट्याचं काम आहे."

मुलींबद्दलचं बोलणं थोडक्यात झालं, तरी ते महत्त्वाचं होतं. ज्यूदो आणि बॉक्सिंगमध्ये आता आपल्या घरांतल्या मुलीही उतरतात. वारंवार उपाशी राहून वजन राखणाऱ्या मुलीची पाळी लांबते किंवा थांबते, आणि काही मुलींना तर ते सोयीचंच वाटतं. पण पाळी थांबणं म्हणजे शरीराला खर्चापुरतं अन्न मिळत नाही याची खूण आहे. याच वयात हाडं भरत असतात. ती तेव्हा भरली नाहीत तर बारीक तडे जातात आणि ते भरून यायला महिने लागतात. तीन महिने पाळी आली नाही तर चाचणी राहू द्या, डॉक्टरांकडे जा, असं त्यांनी आयांना सरळ सांगितलं.

घरच्यांना मुलाचं पाणी कमी झालंय हे कसं कळावं? सरांनी सांगितलेल्या खुणा साध्या आहेत. सकाळची लघवी फिक्या लिंबूपाण्यासारखी असावी. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर पाणी कमी पडतंय. झोपून उठताच मनगटाची नाडी मोजावी. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त असतील तर शरीर ताणात आहे. पटकन उभं राहिल्यावर अंधारी येते का, गरमीतही थंडी वाजते का, तोंडाला वेगळाच वास येतो का, लहान भावंडांवर उगाच ओरडतो का, हेही पाहावं. शेवटची खूण आईला सगळ्यांत आधी दिसते.

मग वजन उतरवायचंच नाही का? उतरवायचं, पण ज्याचं उतरण्यासारखं आहे त्यानं. सरांच्याच तालमीत एक मुलगा ६६.४ किलोचा होता. त्याला ६५ हवं होतं. चाचणीला चार आठवडे होते. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोज साडेपाचशे कॅलरींची तूट. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर संध्याकाळचे दोन समोसे आणि दोन वेळची जास्त साखरेची चहा-बिस्किटं, एवढंच बंद. भात-चपाती बंद नाही, फक्त रात्रीची एक चपाती कमी. अंडी, डाळ, दही, मटण किंवा चिकन जसंच्या तसं, उलट थोडं जास्तच, म्हणजे स्नायू टिकतील. मात्र रश्श्यावरची तर्री बाजूला. थंडाई रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, कारण बदाम आणि साखरेचा तो मोठा पेला एका जेवणाच्या बरोबरीचा असतो. चौथ्या आठवड्याच्या शेवटी वजन ६५.१. शेवटच्या दीड दिवसात सरांनी त्याला भाकरी, कडधान्यं आणि कोशिंबीर थांबवून मऊ भात, पातळ वरण, अंडी आणि केळी दिली. कोंडा कमी झाला की आतडी हलकी होतात आणि दोन-तीनशे ग्रॅम सहज कमी दिसतात, साठा मात्र भरलेला राहतो. पाणी शेवटपर्यंत चालू होतं. सकाळी ६४.८.

वजन झाल्यावर काय द्यायचं हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या अर्ध्या तासात ओआरएसचं अर्धा लिटर पाणी, घोट घोट. मग मऊ भात किंवा ब्रेड-जॅम, एखादं केळं, खजूर. वडापाव, बिर्याणी, दूध कुस्त्या संपल्यावर.

पहिल्या मुलाचं काय झालं, असं कोणीतरी विचारलंच. पुढच्या वर्षी तो ७० मध्ये उतरला, वजनाच्या आदल्या रात्री पोटभर जेवून, ६९.३ वर. उपान्त्य फेरीत एका उंच मुलाकडून दोन गुणांनी हरला. सहाही मिनिटं तो लढत होता, एवढंच सर म्हणाले. ७० मध्ये आपल्याला भीती वाटणारी दांडगी पोरं यायची ती खरं तर ७३ वरून उतरून आलेली असतात आणि दुसऱ्या डावात धापा टाकतात, हे त्याला तेव्हा दिसलं.

शेवटी काट्याची गोष्ट. घरचा काटा आणि चाचणीचा काटा यांत तीन-चारशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. वजन कुस्तीच्या पोशाखात होतं आणि त्या पोशाखाची वेगळी सूट मिळत नाही. म्हणून चाचणीच्या सहा आठवडे आधीपासून दर शनिवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच पोशाखात, जिमखान्यातल्या एकाच काट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. गट कोणता हे त्या सहा आकड्यांवरून ठरेल. सरांनी त्या दिवशीच वही उघडली आणि मुलं रांगेत उभी राहिली.